वेढा आणि उपासमार : मदायाने शिकवलेला कायदा

सीरियाची राजधानी दमास्कसच्या वायव्येला, लेबनॉनच्या सीमेजवळच्या डोंगरात मदाया नावाचे गाव आहे. ११ जानेवारी २०१६ रोजी तिथे धान्य आणि औषधे घेऊन ४४ ट्रक पोहोचले. त्याच दिवशी दूर उत्तरेला, इदलिब प्रांतातल्या फुआ आणि कफराया या दोन गावांत २१ ट्रक गेले. हा योगायोग नव्हता. एकीकडचे ट्रक आत गेल्याशिवाय दुसरीकडचे सोडायचे नाहीत, असा सौदाच झाला होता.

मदायाला जुलै २०१५ पासून सीरियन सरकारच्या फौजांनी आणि लेबनॉनच्या हिजबुल्लाहने वेढा घातला होता. आत सुमारे ४० हजार लोक होते, बहुसंख्य सुन्नी. फुआ आणि कफरायाला सरकारविरोधी सशस्त्र गटांनी वेढले होते. तिथे सुमारे २० हजार लोक होते, बहुसंख्य शिया. वेढा घालणारे आणि वेढ्यात अडकलेले, दोन्हीकडे कलमा पढणारेच होते. म्हणूनच मला हे प्रकरण आज पुन्हा मांडावेसे वाटते. गाझामुळे आपल्या पिढीला 'उपासमार हे युद्धाचे हत्यार' हा शब्दप्रयोग परिचयाचा झाला. पण कायदा नेमका काय म्हणतो आणि तो कुठे तोकडा पडतो, हे मदायात जास्त स्पष्ट दिसते.

आधी एक कटू गोष्ट समजून घेऊ. युद्धात शत्रूच्या सैन्याला वेढा घालणे आजही बेकायदेशीर नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर न्युरेंबर्ग येथे जर्मन सेनापती फॉन लेब याच्यावर लेनिनग्राडच्या वेढ्याबद्दल खटला चालला. त्या वेढ्यात लाखो नागरिक उपासमारीने मेले होते. तरीही १९४८ च्या निकालात अमेरिकी न्यायाधीशांनी त्याला या आरोपातून सोडले. वेढ्यातून पळणाऱ्या नागरिकांवर तोफा डागून त्यांना परत आत ढकलणे, जेणेकरून आतले धान्य लवकर संपावे, हेसुद्धा त्या काळच्या कायद्याने निषिद्ध नव्हते, असे त्यांनी म्हटले. कायदा वेगळा असता तर बरे झाले असते, अशी खंतही त्यांनी निकालातच नोंदवली.

पुढच्याच वर्षी चौथा जिनिव्हा करार झाला. त्याने दार थोडेसे उघडले. १५ वर्षांखालील मुले, गर्भवती आणि बाळंतिणी यांच्यासाठीचे अन्न जाऊ द्यावे, असे त्यात आले. पण ते शत्रूच्या हाती पडेल अशी गंभीर शंका असेल तर अडवण्याची मुभाही ठेवली. खरा बदल १९७७ च्या अतिरिक्त प्रोटोकॉलांनी केला. नागरिकांना उपाशी ठेवणे ही युद्धाची पद्धत म्हणून वापरता येणार नाही, असे त्यांत सरळ लिहिले आहे. धान्य, पिके, गुरे, पाण्याच्या योजना नष्ट करण्यावरही बंदी आली. आज हा नियम रूढ आंतरराष्ट्रीय कायद्याचा भाग मानला जातो. म्हणजे एखाद्या देशाने प्रोटोकॉलवर सही केली नसली तरी तो त्याला लागू होतो, आणि सशस्त्र गटांनाही लागू होतो.

थोडक्यात, वेढा सैनिकांना घालता येतो, नागरिकांना नाही. मग एकाच गावात सैनिक आणि नागरिक दोघे असतील तर? वेढा घालणाऱ्यापुढे दोन मार्ग उरतात. नागरिकांना सुरक्षित बाहेर पडू द्यायचे, किंवा त्यांच्यासाठी अन्न-औषध आत जाऊ द्यायचे. दोन्ही वाटा बंद केल्या की 'आमचे लक्ष्य फक्त लढवय्ये होते' हा बचाव टिकत नाही.

मदायात दोन्ही वाटा बंद होत्या. गावाभोवती भूसुरुंग पेरले होते आणि चौक्या बसल्या होत्या. ऑक्टोबर २०१५ मध्ये एकदा मदत पोहोचली, आणि तीत आलेल्या बिस्किटांच्या सुमारे निम्म्या खोक्यांची मुदत संपलेली होती. त्यानंतर जानेवारीपर्यंत काहीच नाही. एक किलो तांदळाचा भाव २०० डॉलरच्या वर गेल्याच्या बातम्या होत्या. लोक पाने आणि गवत उकळून खात होते. 'डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स' या संस्थेच्या नोंदीप्रमाणे १ डिसेंबरपासून जानेवारीअखेरपर्यंत किमान ४६ जण उपासमारीने मेले. त्यांतले १६ जण ट्रक आल्यानंतर मेले.

हे शेवटचे वाक्य नीट वाचा. पोते पोहोचले म्हणजे जीव वाचला असे होत नाही. खूप दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम पोटभर जेवण दिले तर तेच घातक ठरू शकते. अशा माणसाला डॉक्टरांच्या देखरेखीखाली, विशेष आहार, थोडा थोडा द्यावा लागतो, आणि अनेकांना दवाखान्यातच हलवावे लागते. म्हणून कायद्यातली 'मदत पोहोचू देणे' ही कल्पना एका दिवसाच्या ताफ्याने पूर्ण होत नाही. मदत सतत, पुरेशी आणि योग्य प्रकारची हवी, सोबत आजाऱ्यांना बाहेर काढण्याची सोयही हवी. कॅमेऱ्यासमोरून एक ताफा गेला की वेढा सुटला, असे समजणे ही आपली नेहमीची चूक आहे.

आता कायद्याच्या सर्वांत कमकुवत जागेकडे येऊ. मदत आत नेण्यासाठी संबंधित पक्षाची संमती लागते. ट्रक तपासणे, रस्ता आणि वेळ ठरवणे, वाटपावर देखरेख ठेवणे हा त्याचा हक्क आहे. मात्र ही संमती मनमानी पद्धतीने नाकारता येत नाही. पण चलाख सत्ता 'नाही' म्हणतच नाही. ती उत्तरच देत नाही. संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे मदतकार्यप्रमुख स्टीफन ओब्रायन यांनी जानेवारी २०१६ मध्ये सुरक्षा परिषदेला सांगितले की, २०१५ या वर्षात त्यांनी सीरियन सरकारकडे मदत-ताफ्यांसाठी ११३ अर्ज केले. त्यांतल्या फक्त १० टक्के अर्जांतून प्रत्यक्ष मदत पोहोचली. सुमारे तीनचतुर्थांश अर्जांना उत्तरच आले नाही. शिवाय, मंजूर झालेल्या ताफ्यांतूनही चौकीवर शस्त्रक्रियेचे साहित्य उतरवून घेतले जाई. कारण सांगितले जाई की ते जखमी लढवय्यांच्या कामी येईल. वस्तुतः जखमी सैनिकालाही उपचार मिळावेत, हा जिनिव्हा करारांचा सर्वांत जुना नियम आहे.

इथे उपाशी ठेवण्याचे काम बंदुकीपेक्षा कागदाने जास्त केले. प्रलंबित अर्ज, पुन्हा मागितलेली यादी, आयत्या वेळी बदललेला रस्ता यांतले काहीही युद्धगुन्ह्यासारखे दिसत नाही. सगळे मिळून मात्र तेच घडवतात. सुरक्षा परिषदेने जुलै २०१४ मध्ये सरकारच्या संमतीशिवाय, नुसती सूचना देऊन, चार सीमानाक्यांतून मदत नेण्याची परवानगी दिली होती. ते मोठे पाऊल होते. पण मदायासारख्या चहूबाजूंनी वेढलेल्या गावाला सीमेवरचा नाका उघडून उपयोग नव्हता, कारण गावाच्या वेशीवरची चौकी वेढा घालणाऱ्याचीच होती.

दुसरी कमकुवत जागा म्हणजे तो सुरुवातीला सांगितलेला सौदा. जबदानी, मदाया, फुआ आणि कफराया या चार गावांबद्दलच्या करारात दोन्हीकडची मदत एकमेकींशी बांधली होती : इकडे गेली, तरच तिकडे. ऐकायला हे न्याय्य वाटते. प्रत्यक्षात त्यामुळे मदायातला आजारी मुलगा फुआच्या आजाऱ्याचा ओलीस बनला आणि फुआचा मदायाचा. एका बाजूने अडवले की दुसरीकडेही सगळे थांबे. मानवतावादी कायद्यातली कर्तव्ये परस्पर फेडीची नसतात. शत्रूने तुमच्या लोकांना उपाशी मारले म्हणून तुम्हाला त्याच्या लोकांना उपाशी मारता येत नाही. या सौद्याचा शेवटही भयंकर झाला. एप्रिल २०१७ मध्ये गावे रिकामी केली जात असताना अलेप्पोजवळच्या राशिदीन भागात फुआ-कफरायाच्या थांबलेल्या बसगाड्यांवर बॉम्बहल्ला झाला. शंभराहून अधिक लोक मेले आणि त्यांत कितीतरी लहान मुले होती.

या सर्वांबद्दल त्या वेळी कोणत्याही आंतरराष्ट्रीय न्यायालयात खटला उभा राहू शकला नाही. सीरिया रोम कायद्याचा सदस्य नव्हता, आणि हे प्रकरण आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाकडे सोपवण्याचा ठराव मे २०१४ मध्ये रशिया आणि चीनने नकाराधिकाराने पाडला. त्यातून धडा घेऊन काही दुरुस्त्या झाल्या. मे २०१८ मध्ये सुरक्षा परिषदेने ठराव २४१७ एकमताने मंजूर करून उपासमारीच्या वापराचा निषेध केला. रोम कायद्यात हा गुन्हा आधी फक्त दोन देशांमधल्या युद्धापुरता होता. २०१९ च्या दुरुस्तीने तो देशांतर्गत युद्धालाही लावला, पण ती दुरुस्ती मान्य करणाऱ्या देशांपुरताच.

हे सारे डोळ्यांसमोर ठेवून गाझाकडे पाहा. तिथे वेढ्याची घोषणा ९ ऑक्टोबर २०२३ रोजी संरक्षणमंत्र्याने उघडपणे केली : वीज नाही, अन्न नाही, इंधन नाही. शिवाय ताबा असलेल्या प्रदेशासाठी नियम आणखी कडक आहे. लोकांना पुरेसे अन्न मिळत नसेल तर ताबा घेणाऱ्या सत्तेने मदत योजनांना संमती दिलीच पाहिजे. तिथे पर्याय नाही. २१ नोव्हेंबर २०२४ रोजी आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने नेतन्याहू आणि गॅलंट यांच्याविरुद्ध काढलेल्या अटक वॉरंटांत उपासमारीचा गुन्हा आहे. लेनिनग्राडच्या निकालापासून इथपर्यंत कायदा ७६ वर्षांत आला.

सीरतच्या ग्रंथांत यमामाचे सरदार सुमामा बिन उसाल (रजि.) यांचा प्रसंग येतो. इस्लाम स्वीकारल्यावर त्यांनी मक्केला जाणारे धान्य बंद केले. मक्केवाल्यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे विनंती केली आणि प्रेषितांनी धान्य सोडायला सांगितले. शिअब-ए-अबू तालिबमध्ये ज्यांनी प्रेषितांच्या कुटुंबाला तीन वर्षे बहिष्कारात ठेवले, तेच हे मक्केवाले होते. परतफेडीची संधी हातात असताना ती नाकारली गेली.

म्हणून वेढ्याची बातमी आली की वेढा कोणी घातला, हे विचारण्याआधी चार प्रश्न विचारू या. नागरिकांना बाहेर पडता येते का? अन्न आत जाते का, आणि किती दिवसांनी? अर्जांना उत्तर मिळते का? चौकीवर ट्रकमधून काय उतरवले जाते? गाझाबद्दल हे प्रश्न आपण मोठ्याने विचारले. सुदानमधल्या अल-फाशिरला निमलष्करी दलाने दीड वर्ष वेढा घातला होता, तेव्हा आपल्यातले किती जण बोलले? फुआच्या मुलासाठीही जो बोलतो, त्याचेच मदायाच्या आणि गाझाच्या मुलासाठीचे बोलणे जग ऐकेल.