डोक्यातला बिनभाड्याचा मुक्काम

सिनेमातला एखादा निसटता कटाक्ष किंवा गाण्याचा तुकडा, आणि खाली ओळ: ‘लिव्हिंग रेंट फ्री इन माय हेड’. आज ही ओळ लाडाने लिहिली जाते. पूर्वी तिच्यात कडवटपणा होता. वर्तमानपत्रातून सल्ला देणाऱ्या अमेरिकेतल्या अ‍ॅन लँडर्स यांच्या नावावर हा विचार सांगितला जातो: ज्याच्यावर राग धरून बसता, त्याला तुम्ही डोक्यात फुकट जागा देता. तेव्हा त्याला बाहेर काढा.

पण काढता येतं का? १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका. आलाच तर घंटा वाजवा. घंटा वाजत राहिली. नंतर अस्वलाचा विचार करा असं सांगितल्यावर या मुलांच्या मनात ते जास्तच आलं, पहिल्यापासून तसं सांगितलेल्यांपेक्षाही. वेग्नरचं पुढचं स्पष्टीकरण मला पटतं: विचार टाळायचा तर तो आला का हे मन सतत तपासतं, आणि ती तपासणीच त्याला जागं ठेवते.

म्हणून कॅप्शनमधली कबुली मला निरोगी वाटते. तिच्यात झटापट नाही. हीच ओळ सोडून गेलेल्या माणसासाठी लिहिली जाते, तेव्हा मात्र मला काळजी वाटते. गाणं चार दिवस मनसोक्त ऐकलं की आपोआप विरतं. त्या माणसाचं ‘लास्ट सीन’ बघितलं की क्षणभर बरं वाटतं, आणि थोड्याच वेळात हात पुन्हा फोनकडे जातो.