भिंतीत गेलेला पलंग

ज्याचं घर लहान असतं त्याला सल्ला द्यायला मोठ्या घरातली माणसं फार उत्सुक असतात. पूर्वी हा सल्ला 'सामान कमी करा' एवढ्यावर संपायचा. हल्ली तो मोबाइलवर हलत्या चित्रांसकट येतो. एक हसतमुख बाई एका हाताने अख्खा डबलबेड भिंतीत ढकलते, दुसऱ्या हाताने भिंतीतून टेबल बाहेर काढते आणि मोकळ्या झालेल्या जमिनीवर योगासनं करायला बसते. त्या घरात गोधडी नसते, पापडाचा डबा नसतो, आणि सासू तर नसतेच नसते. यातली न दिसणारी सासू ध्यानात ठेवा. माझं भांडण तिच्या बाजूने आहे.

म्हणणं थोडक्यात असं. मिटणारं टेबल करा, दोन्हीकडची पानं खाली पडतात ते जेवणाचं टेबल आणा, माझी काही हरकत नाही. पण ज्या घरात दिवसभर कुणीतरी असतं, त्या घरातला पलंग भिंतीत घालू नका.

ही युक्ती मुळात एकट्या माणसाची. सॅन फ्रान्सिस्कोतला विल्यम मर्फी एका खोलीत राहायचा. खोलीत मधोमध पलंग, आणि घरी पाहुणे बोलवायची हौस! म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने पलंग उभा करून ठेवायची सोय काढली. बरं, मर्फीचं काय चुकलं? काही नाही. सकाळी पलंग उभा करून हा गृहस्थ बाहेर पडला की रात्रीपर्यंत आडवं व्हायला घरात दुसरं कोण होतं? पुढे चार्ली चॅप्लिनने १९१६ साली 'वन ए. एम.' नावाचा छोटा चित्रपट काढला. त्यात तो दारू पिऊन घरी येतो आणि अशाच पलंगाशी बराच वेळ कुस्ती करतो. शेवटी न्हाणीघरातल्या टबात झोपतो. आमच्या साडूंनी हा चित्रपट आधी पाहायला हवा होता.

साडूंचं घर डोंबिवलीला. बाहेरची खोली दहा बाय बारा, आत स्वयंपाकघर. माणसं चार : साडू, मेहुणी, दहावीतली मुलगी आणि साडूंच्या मातोश्री. मातोश्रींचं वय चौऱ्याहत्तर, दोन्ही गुडघे संपावर. बाहेरच्या खोलीत पाच फूट रुंद, सव्वासहा फूट लांब पेटीचा पलंग होता. त्यावर रात्री आजी आणि नात झोपायच्या. नवराबायको आत गादी घालायची. दिवसा पलंगावर मातोश्री असत. त्या शेंगा सोलत, पेपर वाचत, आणि वाचता वाचता आडव्या होत.

एके दिवशी साडू आनंदाने म्हणाले, "सव्वाएकतीस चौरस फूट जागा मोकळी होतेय!"

"कशी?"

"पलंग भिंतीत!"

मी म्हटलं, "साडूसाहेब, पट्टी आणि कागद आणा." हिशेब कुणालाही करता येण्यासारखा आहे, म्हणून इथे मांडतो.

जुना पलंग जमिनीचे सव्वाएकतीस चौरस फूट खात होता, हे खरं. पण भिंतीतला पलंग काही भिंतीत शिरत नाही. तो भिंतीपुढच्या कपाटात उभा राहतो. गादीसकट मिटायचं म्हणजे कपाट दीड फूट खोल आणि साडेपाच फूट रुंद हवं. म्हणजे सव्वाआठ चौरस फूट गेले, तेही कायमचे. शिवाय जुन्या पलंगाच्या पोटात फूटभर उंचीची पेटी होती. तिच्यात पाहुण्यांच्या गाद्या, गोधड्या, सुटकेसा आणि लग्नातली भांडी होती. ते सामान काही योगासनं करून नाहीसं होत नाही. त्यासाठी दोन फूट खोल, सात फूट उंच आणि सव्वादोन फूट रुंद कपाट लागतं. त्याचे साडेचार चौरस फूट. झाले पावणेतेरा. म्हणजे वाचले साधारण साडेअठरा, तेही फक्त दिवसा. रात्री पलंग उघडला की कपाटापासून सात फूट जमीन त्याची. दिवसासुद्धा त्या जमिनीवर जड काही ठेवायचं नाही, कारण रात्री ते उचलून ठेवायचं कुठे? मोकळी झालेली जागा रात्रीपुरती परत करायची असते. व्याज म्हणून टीपॉय रोज उचलायचा.

साडू म्हणाले, "साडेअठरा तर साडेअठरा!" आणि मिस्त्री कामाला लागला.

मिस्त्री चांगला होता, हे सांगितलंच पाहिजे. त्याने आधी भिंतीवर टिचक्या मारल्या, मग एक बारीक भोक पाडलं आणि खाली पडलेली पूड बघितली. लाल पूड म्हणजे वीट. पांढुरकी, पिठासारखी हलकी पूड म्हणजे नव्या इमारतींतले ते फुसफुशीत ठोकळे. त्यात साधा खिळा-गट्टू धरत नाही, वेगळ्या जातीचा लागतो. साडूंकडे वीट निघाली, पण भिंत आतली, साडेचार इंचांची. वर पाऊण इंच प्लास्टर. छोटा स्क्रू प्लास्टरमध्येच राहतो आणि एक दिवस पापुद्र्यासकट बाहेर येतो. मिस्त्रीने लांब स्क्रू विटेत नेले आणि कपाट वरच्या बाजूला पक्कं बांधलं. हे कपाट पुढे कोसळू बघतं ते वरूनच.

मग गॅसचे दांडे. मोटारीची डिकी हळूच उघडते ना, तेच. हे दांडे गादीच्या वजनाप्रमाणे निवडावे लागतात. साडूंनी ते दुकानातल्या फोमच्या गादीच्या हिशेबाने घेतले आणि वर घातली मातोश्रींची कापसाची गादी, कारण फोमवर त्यांची कंबर धरते. पलंग धाडकन खाली यायला लागला. परीक्षा सोपी आहे. गादी घालून पलंग अर्ध्यावर आणायचा आणि हात अगदी सैल करायचा, पण काढायचा नाही. तो तिथेच राहिला किंवा सावकाश सरकला तर ठीक. आपटायला लागला तर दांडे कमी जोराचे किंवा गॅस उतरलेला. आपण होऊन वर जायला लागला तर दांडे जास्त जोराचे, आणि त्यावर हलक्या अंगाच्या माणसाने काठाला बसायचं नाही. साडूंनी दांडे बदलले. पलंग उत्तम चालू लागला. मिस्त्रीचं, भिंतीचं, गॅसचं, कुणाचंच काही चुकलं नाही.

आणि इथेच माझा खरा मुद्दा सुरू होतो.

समोरच्या भिंतीला मुलीसाठी मिटणारं टेबल केलं होतं. उघडल्यावर दीड फूट पुढे येतं, खुर्चीला आणि गुडघ्यांना आणखी दोन फूट. इकडून पलंग सात फूट. सात आणि साडेतीन, साडेदहा झाले. बारा फुटांच्या खोलीत मध्ये दीड फुटाची गल्ली राहिली आणि घराचं दार आत उघडतं, त्याला हवेत अडीच फूट. म्हणजे मुलीचा अभ्यास आणि मातोश्रींची झोप या दोन गोष्टी एका वेळी होईनात. दहावीचं वर्ष! अभ्यास साडेअकराला संपायचा. मातोश्री नऊ वाजल्यापासून प्लास्टिकच्या खुर्चीत डुलक्या काढत बसायच्या. दुपारी तर पलंग उघडणं हा समारंभच. मेहुणी कामावर, आणि म्हातारीला पलंग एकटीने ओढवत नाही. एकदा त्यांना ताप आला. मी विचारलं, "काकू, आडव्या का होत नाही?"

"अहो, सगळी खोली अडते. पोरं यायच्या वेळेला कुठे पसारा!"

चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईने स्वतःच्या आडवं होण्याला पसारा म्हणावं? साडेअठरा चौरस फूट जमीन मोकळी झाली ती कुणापासून, ते मला त्या दिवशी कळलं.

साडू म्हणतात, "मग काय लहान घरात माणसाने अडगळीत राहायचं?" मुळीच नाही. अडीच-तीन फूट रुंदीचा पेटीचा दिवाण करा. तीन फुटांचा धरला तर पावणेएकोणीस चौरस फूट. भिंतीतला पलंग आणि जादा कपाट मिळून पावणेतेरा खातातच. फरक सहाचा. म्हणजे उलगडलेल्या दीड वर्तमानपत्राएवढा. त्या बदल्यात म्हातारं माणूस हव्या त्या वेळी पाठ टेकतं, आल्यागेल्याला बसायला जागा होते, आणि पेटी थोडी लहान का होईना, परत मिळते. नातीची गादी रात्री खाली. ती सकाळी गुंडाळता येते, आणि तिला गॅस लागत नाही.

मग मिटवायचं काय? ज्याचं काम संपतं ते. जेवण संपतं, म्हणून दोन पानांचं टेबल शहाणं. मिटलं की जेमतेम फूटभर, दोघं जेवायला असली तर एकच पान उघडायचं. अभ्यासही संपतो, म्हणून ते टेबलही चालेल, पण दोन अटींवर. पहिली, फळी खाली लोंबणारी नको. वर मिटणारी हवी, मागे सहा इंचांचं फडताळ असलेली. लोंबणारी फळी मिटवायची तर वह्या-पुस्तकं दुसरीकडे न्यावी लागतात. ती कुणी नेत नाही, आणि आठवड्याभरात टेबल कायमचं उघडं राहतं. फडताळ असलं की पुस्तकं आत, फळी वर. दुसरी अट, पुढच्या कडेखाली जमिनीला टेकणारा पाय हवा. दीड फूट पुढे आलेल्या कडेवर मुलीने कोपरांनी दहा किलो भार टाकला आणि ब्रॅकेट नऊ इंच उंचीचं असलं, तर वरच्या स्क्रूंवर वीस किलोंची ओढ बसते. पाय असला की तो भार जमीन घेते.

मिस्त्रीला बोलवण्याआधी एक खडू घ्या, आठ आण्याचा मिळायचा तो आता थोडा महाग झालाय. रात्री दहाला घरात जे जे उघडलेलं असणार, ते सगळं जमिनीवर काढा. खुर्ची, दाराचा फेरा, सगळं. मग घरातली सगळी माणसं त्यात उभी करा. जिथे दोन रेघा एकमेकींवर येतील तिथे थांबा आणि विचारा, इथे रोज कोण मागे सरणार? उत्तर बहुतेक घरांत सारखंच येतं. ज्याचे गुडघे दुखतात आणि जो तक्रार करत नाही, तो. असं उत्तर आलं तर पलंग जिथे आहे तिथे राहू द्या. योगासनं गच्चीवरही होतात.