स्क्रीन शांत, म्हणजे काम बंद?

घरून काम करताय? मग महिन्याच्या शेवटी येणारा तो रिपोर्ट तुम्हाला ओळखीचा असेल. हिरव्या पट्ट्या म्हणजे काम, मधल्या राखाडी पट्ट्या म्हणजे ‘आयडल’. राखाडी जरा जास्त दिसली, की टीम लीडचा मेसेज येतो, ‘हे दोन तास कुठे होतात?’ काही ठिकाणी मेसेजसुद्धा येत नाही, थेट पैसेच कापून येतात. मला वाद घालायचाय तो याच दुसऱ्या प्रकाराशी. राखाडी पट्टी हा एक प्रश्न आहे. त्याचं उत्तर न शोधता पगार कापणं हा अन्याय आहे. आणि गंमत म्हणजे, त्याने कामचुकारही सापडत नाहीत.

आधी हे सॉफ्टवेअर मोजतं काय, ते बघू. ते काम मोजत नाही. कीबोर्ड आणि माऊस हलला की नाही, एवढंच बघतं. आणि तेही प्रत्येक टूल आपापल्या पद्धतीने. हबस्टाफ दहा मिनिटांचे ६०० सेकंद धरतं आणि त्यातल्या किती सेकंदांत बटण दाबलं किंवा माऊस हलला, त्याची टक्केवारी काढतं. अपवर्कच्या डायरीत दहा मिनिटांपैकी किती मिनिटांत काहीतरी हालचाल झाली, ते दिसतं. आता समजा, तुम्ही एक करार वाचताय आणि मिनिटाला एकदाच खाली स्क्रोल करताय. मिनिटांच्या हिशेबात तुम्ही दहापैकी दहा. सेकंदांच्या हिशेबात ६०० पैकी १०, म्हणजे दोन टक्केसुद्धा नाही! माणूस तोच, काम तेच. एका रिपोर्टमध्ये तुम्ही मेहनती, दुसऱ्यात आळशी.

त्यात ‘आयडल’ कधी म्हणायचं, ती मर्यादाही बहुतेक टूल्समध्ये कंपनीच सेट करते. पाच मिनिटांवर ठेवली तर सहा मिनिटं शांतपणे वाचणारा अडकतो, वीसवर ठेवली तर सुटतो. व्हिडिओ मीटिंगमध्ये तासभर नीट ऐकणाऱ्याचा माऊस हलत नाही. आम्ही इंटर्न मंडळी मुलाखतीचं रेकॉर्डिंग आधी एकदा सलग ऐकून घेतो, तेव्हा हात मांडीवरच असतात. डेटा एंट्री करणाऱ्याचा आकडा मात्र कायम वर असणार. म्हणून या दोघांना एकाच टक्केवारीच्या फूटपट्टीने मोजणं चूकच.

मग न्याय करायचा कसा? एक दिवस उदाहरण म्हणून घेऊ. पुण्यात घरून काम करणारी एक कंटेंट एडिटर आहे. जेवणाची सुट्टी सोडून तिने आठ तास लावलेत. रिपोर्ट म्हणतो, त्यातली १३० मिनिटं आयडल. ऐकायला भयंकर वाटतं ना? आता हे चार तुकडे सुटे करू.

पहिला तुकडा सव्वाअकरा ते बारा, ४५ मिनिटं. ती क्लायंटशी मोबाइलवर बोलत होती. फोनच्या कॉल लॉगमध्ये ते आहे आणि साडेबाराला तिने पाठवलेल्या मेलमध्ये त्या कॉलमध्ये ठरलेले मुद्देही आहेत. हे कामच. दुसरा तुकडा तीन ते तीन चाळीस. तिने मजकूर छापून पेनने तपासला. याचा कॉम्प्युटरवर थेट पुरावा नाही, पण त्यानंतरच्या अर्ध्या तासात त्याच फाइलच्या व्हर्जन हिस्टरीत दुरुस्त्यांची रांग लागलेली दिसते. कागदावरचं काम शेवटी कुठेतरी फाइलमध्ये उतरतंच. हेही काम. तिसरा तुकडा २० मिनिटांचा, वीज गेली होती. हे काम नाही, पण तिची चूकही नाही. अशा वेळेचे पैसे द्यायचे की तेवढं काम नंतर भरून घ्यायचं, हा नियम आधीच लिहून ठेवायला हवा. गुरुवारी वीज जाते हे पुण्यात कोणाला सांगायला नको! उरली २५ मिनिटं. चहा, दारावरचं कुरिअर, पाय मोकळे करणं. ऑफिसात हेच टपरीवर होतं आणि त्याचा हिशेब कोणी मागत नाही.

म्हणजे १३० मिनिटांपैकी ८५ मिनिटं चोख काम निघालं, २० मिनिटं नियमाची, आणि खरोखर बाहेर गेलेली फक्त २५. रिपोर्ट बघून थेट १३० मिनिटांचे पैसे कापले असते, तर दीड तासाचं केलेलं काम फुकटात गेलं असतं. या सगळ्या तपासणीला लागतात दोनच गोष्टी. लॉगशी ताडून बघायला दुसरी एखादी नोंद आणि त्या माणसाला विचारलेला एक साधा प्रश्न.

‘असं प्रत्येकाचं ऐकत बसलो तर लोक थापा मारतील,’ असं टीम लीड म्हणतील. मान्य, मारतीलही. पण थाप पकडायचा मार्गही हाच आहे. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात एका अकाउंटिंग फर्मचं प्रकरण तिथल्या सिव्हिल रिझोल्यूशन ट्रिब्युनलपुढे गेलं, २०२३ च्या जानेवारीत निकाल लागला. घरून काम करणाऱ्या एका कर्मचारी महिलेच्या टाइमशीटमधल्या ५० हून अधिक तासांचं काम सॉफ्टवेअरमध्ये दिसत नव्हतं. तिचं म्हणणं, मी कागदावर काम करत होते. मग फर्मने दाखवलं, की तेवढे कागद छापल्याची नोंदच नाही आणि कागदावरचं काम पुढे कॉम्प्युटरमध्ये भरावं लागतं, तेही झालेलं नाही. न हाललेल्या फाइल्सवर वेळ लावल्याचं तिने मीटिंगमध्ये कबूलही केलं होतं. ट्रिब्युनलने तिला त्या तासांचे पैसे परत करायला सांगितले. आपल्या एडिटरचा आणि हिचा बचाव एकच होता, ‘कागदावर केलं’. एकीच्या फाइलमध्ये दुरुस्त्या उतरल्या, दुसरीच्या नाही. फरक राखाडी पट्टीने नाही, दुसऱ्या नोंदीने दाखवला.

उलट, नुसत्या टक्केवारीवर विसंबलात तर खरा चलाख माणूस निसटतो. माऊस आपोआप हलवणारा ‘जिगलर’ ऑनलाइन सहज मिळतो. २०२४ मध्ये अमेरिकेच्या वेल्स फार्गो बँकेने डझनभराहून जास्त कर्मचाऱ्यांना काढलं, कारण ते कीबोर्ड चालू असल्याचा आभास निर्माण करत होते. माणसाच्या कामाला चढउतार असतो. दिवसभर एकसारखी हिरवी पट्टी आणि हातात काम काहीच नाही, तर शंका तिथे घ्या.

टीम लीड असाल, तर एका दिवसावर निकाल देऊ नका. त्याच माणसाचे तीन-चार आठवडे शेजारी ठेवा. कामं वेळेत येतायत आणि पट्ट्या नेहमीसारख्याच राखाडी आहेत, तर ती त्याची कामाची पद्धत आहे. कामं लांबतायत आणि राखाडीही अचानक वाढलीय, तर आधी विचारा, मग ठरवा.

आणि तुम्ही नव्याने रुजू होत असाल, तर ऑफर लेटरवर सही करण्याआधी तीन गोष्टी मेलवर विचारा. आयडल किती मिनिटांनी धरता? कॉल आणि कागदावरचं काम कसं नोंदवायचं? आणि पैसे कापण्याआधी मला विचारणार का? तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ आलं, तर रोज दोन ओळींची कामाची नोंद ठेवायला पहिल्या दिवसापासूनच लागा. उद्या वाद झाला, तर तुमच्या बाजूने बोलणारी दुसरी नोंद तीच असेल.