नाव गावाकडे, मुक्काम वाळूजला

‘मतदार यादीत आपले नाव आहे का, ते मुदतीपूर्वी तपासा.’ निवडणुका जवळ आल्या की नागरिकांचे गट हे आवाहन करू लागतात. त्यावर पक्षाचे चिन्ह नसते, कुणा इच्छुकाचा फोटो नसतो आणि ते तसेच असायला हवे. पण वाळूज औद्योगिक वसाहतीत ही ओळ जशीच्या तशी लावली, तर ती निम्मेच काम करील. इथल्या कामगाराने आपल्या मतदार ओळखपत्राचा क्रमांक टाकून पाहिला तर नाव बहुधा सापडते, पण ते परतूर, सेनगाव किंवा माजलगावच्या यादीत. नाव सापडले म्हणून तो निर्धास्त होतो. ज्या रांजणगावात तो वर्षानुवर्षे घरभाडे भरतो, ज्या बजाजनगरात त्याची मुले शाळेत जातात, तिथल्या ग्रामपंचायतीसाठी मात्र तो मतदारच नसतो. म्हणून वाळूजमध्ये खरा प्रश्न नाव आहे की नाही एवढाच नाही, ते कुठे आहे हाही आहे.

कायदा याबाबत पुरेसा स्पष्ट आहे. 1950च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार माणूस जिथे सर्वसाधारणपणे राहतो, तिथला तो मतदार. गावाकडे वडिलोपार्जित घर आहे एवढ्यावरून तिथला रहिवास सिद्ध होत नाही. उलट, कामासाठी तात्पुरते बाहेर पडल्याने गावचा रहिवास लगेच संपतही नाही. चार-सहा महिन्यांसाठी कंत्राटावर आलेल्या तरुणाने नाव गावीच ठेवणे रास्त आहे. बायको-मुलांसह इथेच स्थिरावलेल्या कुटुंबाने मात्र ते हलवायला हवे. दोन्हीकडे नाव ठेवण्याची सोय कुणालाच नाही. तसे खोटे घोषणापत्र दिल्यास एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

समजा, परतूर तालुक्यातला एक कामगार रांजणगाव शेणपुंजीत खोली घेऊन सहकुटुंब राहतो. नाव हलवायचे तर बरेच जण नमुना क्रमांक 6 मागतात, कारण पूर्वी मतदारसंघ बदलताना तोच भरावा लागे. ऑगस्ट 2022 पासून व्यवस्था बदलली. नमुना 6 आता नव्या नोंदणीसाठी आहे आणि त्यात ‘माझे नाव दुसऱ्या कोणत्याही मतदारसंघाच्या यादीत नाही’ असे लिहून द्यावे लागते. परतूरच्या यादीत नाव असताना या कामगाराने तो भरला, तर नकळत खोटे लिहून दिल्यासारखे होते आणि दुबार नावांच्या यादीत एकाची भर पडते. त्याने भरायचा तो नमुना 8, आणि त्यात पहिलाच पर्याय निवडायचा, निवासस्थान बदलल्याचा. अर्ज मंजूर झाला की नवे नाव लागते, परतूरचे निघते आणि ओळखपत्राचा क्रमांक तोच राहतो.

या कामगाराची खरी अडचण पत्त्याच्या पुराव्याची असते. वीजबिल घरमालकाच्या नावावर, आधारवर गावचा पत्ता आणि भाडेकरार नोंदवलेला नाही, अशी स्थिती खोल्यांच्या चाळीत सर्रास दिसते. वाळूजच्या पत्त्याचे बँकेचे किंवा टपाल खात्याचे पासबुक इथे उपयोगी पडते. यातले काहीच नसेल तरी अर्ज बाद होत नाही. अशा वेळी मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने, म्हणजे बीएलओने, प्रत्यक्ष येऊन खात्री करायची असते. घरमालकाने ‘हो, हे इथेच राहतात’ एवढे सांगितले तरी बीएलओचे काम सोपे होते. पण भाडेकरूची नोंद झाली की घरावर हक्क सांगेल, या भीतीने अनेक मालक तेवढेही बोलत नाहीत. ही भीती निराधार आहे. मतदार यादीतल्या नोंदीने घराची मालकी कुणाला मिळत नाही, हे नागरिक गटांनी घरमालकांना भेटून सांगायला हवे.

आता मुदतीचे. निवडणूक जाहीर झाली की बघू, असे बहुतेक जण म्हणतात. 2024च्या विधानसभेचे वेळापत्रक आठवून पाहा. निवडणूक 15 ऑक्टोबरला जाहीर झाली, उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख 29 ऑक्टोबर होती आणि मतदान 20 नोव्हेंबरला. उमेदवारी अर्जाची मुदत संपली की त्या निवडणुकीपुरती यादी कायद्याने बंद होते. अर्जावर हरकतींसाठी सात दिवस ठेवावे लागतात, त्यामुळे नोंदणीचा अर्ज देण्याची शेवटची तारीख 19 ऑक्टोबर ठरली. घोषणेनंतर हातात चार दिवस उरले, मतदानाला मात्र महिना बाकी होता.

स्थानिक निवडणुकांत तर घोषणेची वाट पाहणे म्हणजे मुदत गेल्यावर जागे होणे. राज्य निवडणूक आयोग स्वतः नवी नावे घालत नाही. तो विधानसभेची यादी एका ठरावीक तारखेला जशी असेल तशी घेतो आणि प्रभागांत विभागतो. गेल्या खेपेला ती तारीख 1 जुलै 2025 होती आणि छत्रपती संभाजीनगर महापालिकेचे मतदान 15 जानेवारी 2026 रोजी झाले. त्या जुलैनंतर नाव नोंदवलेल्याला जानेवारीत मत देता आले नाही. प्रारूप यादीवर हरकती मागवल्या जातात खऱ्या, पण त्या चुकीच्या प्रभागात गेलेले नाव किंवा लेखनिकाची चूक अशा दुरुस्त्यांपुरत्या. वाळूज परिसरात त्यात एक गुंता आणखी आहे. बजाजनगर-वडगाव कोल्हाटी एका तालुक्यात, रांजणगाव आणि वाळूज दुसऱ्या, म्हणजे गंगापूर तालुक्यात. खोली बदलून बजाजनगरातून रांजणगावला गेलेल्याला आपण वाळूजमध्येच आहोत असे वाटते. यादीच्या लेखी मात्र तो दुसऱ्या गावाला गेलेला असतो.

नाव आपोआप जाते ते बंद दाराने. बीएलओ बहुतेक करून अंगणवाडी सेविका किंवा शिक्षक असतात आणि ते दिवसा येतात. त्या वेळी पहिल्या पाळीचा कामगार कारखान्यात असतो, रात्रपाळीचा झोपलेला. ‘ते तर खोली सोडून गेले’ असे शेजाऱ्याने सांगितले की ‘स्थलांतरित’ असा शेरा पडतो. बिहारमध्ये 1 ऑगस्ट 2025 रोजी प्रसिद्ध झालेल्या प्रारूप यादीतून सुमारे 65 लाख नावे वगळली गेली आणि त्यांतला सर्वांत मोठा गट स्थलांतरितांचा किंवा न सापडलेल्यांचा होता. वाळूजमध्ये काम करणाऱ्या बिहारच्या मजुरांनी गावचे नाव तपासावे, ते यासाठी. नाव काढण्याआधी संबंधिताला म्हणणे मांडायची संधी मिळाली पाहिजे, असे कायदा सांगतो. निर्णय विरोधात गेला तर 15 दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येते. पण नोटीस जुन्या खोलीच्या पत्त्यावर गेली तर हे 15 दिवस कधी सुरू झाले आणि कधी संपले, हेही कळत नाही.

म्हणून आवाहन करणाऱ्या गटांनी फलकावरचा मजकूर बदलावा. आमच्या मते तो असा असावा : ‘ओळखपत्र खिशात असले तरी यादीत नाव नसेल तर मत देता येत नाही. voters.eci.gov.in वर ओळखपत्राचा क्रमांक टाका किंवा 1950 वर फोन करा. नाव कुठल्या गावात, कुठल्या यादी भागात आहे ते वाचा. इथेच राहत असाल तर नमुना 8 भरा. नावच नसेल तर नमुना 6. वय 17 पूर्ण असेल तरी आगाऊ अर्ज करता येतो. निवडणूक जाहीर होण्याची वाट पाहू नका.’ हा फलक मराठीबरोबर हिंदीतही असावा, आणि तो चौकापेक्षा कारखान्याच्या फाटकावर, पाळी सुटण्याच्या वेळी वाचता येईल अशा उंचीवर लागावा. उद्योजकांच्या संघटनांनी रविवारी बीएलओंसाठी कंपनीच्या आवारात एक टेबल द्यावे. तिथे अर्ज भरायला मदत करणाऱ्याने कोणत्याही पक्षाचे उपरणे गळ्यात घालू नये, आणि कुणाचा अर्ज घ्यायचा, कुणाचा नाही, हे भाषा किंवा जिल्हा पाहून ठरवू नये. जिल्हा प्रशासनाने वाळूज परिसरातली घरोघर पडताळणी पाळ्यांच्या वेळा पाहून आखावी. एकदा दार बंद दिसले तर संध्याकाळी पुन्हा जावे, आणि त्यानंतरच ‘स्थलांतरित’ लिहावे.