प्रिंटरचा पत्ता कोणाकोणाला ठाऊक आहे?

पेण तालुक्यातील डोलवी येथे पोलादाचा मोठा कारखाना आहे. पूर्वी तो इस्पात इंडस्ट्रीजचा होता, आता जेएसडब्ल्यूचा आहे. त्याच्या आधाराने तेथे हार्डवेअर, सुरक्षा-साहित्य, वाहतूक आणि सुटे भाग यांच्या अनेक पेढ्या उभ्या राहिल्या. यांतील पुष्कळ व्यापारी राहतात पेणला किंवा रोह्याला, दुकान असते डोलवीत, आणि हिशेब पाहणारा मुलगा बहुधा मुंबईत. घर, गल्ला आणि खातेवही अशा तीन ठिकाणी विखुरल्यावर एक अडचण रोजच येते. मुंबईत तयार झालेले चलन किंवा ई-वे बिल डोलवीत कागदावर हवे असते, कारण ट्रक उभा असतो आणि चालकाच्या हाती कागद द्यायचा असतो.

या अडचणीवर प्रिंटर बनविणाऱ्या कंपन्यांनी एक उपाय काढला. जून २०१० मध्ये एचपी कंपनीने ‘ईप्रिंट’ नावाची सोय जाहीर केली. तिच्यात प्रत्येक प्रिंटरला स्वतःचा ई-मेल पत्ता मिळतो व त्याच्या शेवटी hpeprint.com असे असते. एप्सन कंपनीच्या प्रिंटरांनाही अशीच सोय आहे. त्या पत्त्यावर जोडपत्रासह ई-मेल पाठविला की डोलवीच्या दुकानात कागद बाहेर पडतो. पाठविणाऱ्याजवळ त्या प्रिंटरचा ड्रायव्हर नसला तरी चालते आणि दुकानातील संगणक बंद असला तरीही चालते. सोय खरोखर चांगली आहे, हे प्रथमच मान्य केले पाहिजे.

मात्र हे घडते कसे, ते समजून घ्यावे. आपला ई-मेल थेट दुकानात जात नाही. तो कंपनीच्या सर्व्हरवर जातो. तेथे जोडपत्र उघडले जाते आणि त्या विशिष्ट प्रिंटरला समजेल अशा रूपात बदलले जाते. दुकानातील प्रिंटर इंटरनेटवरून त्या सर्व्हरशी जोडलेलाच असतो. काम आले की तो ते उचलतो आणि छापतो. त्यामुळे राउटरमध्ये बाहेरच्यासाठी वेगळी वाट उघडावी लागत नाही. अनेकांना भीती वाटते की एखाद्या जोडपत्रातील व्हायरस प्रिंटरमार्गे टॅली असलेल्या संगणकात शिरेल. जोडपत्र दूरच्या सर्व्हरवर उघडले जात असल्यामुळे या मार्गाने ते घडण्याची शक्यता कमी आहे.

ती शून्य मात्र नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये चेक पॉइंट या संस्थेच्या संशोधकांनी दाखवून दिले की एचपीच्या फॅक्स असलेल्या काही प्रिंटरांवर केवळ फॅक्स क्रमांक ठाऊक असताना, मुद्दाम घडविलेला एक फॅक्स पाठवून ताबा मिळविता येतो आणि तेथून आतल्या संगणकांपर्यंत पोहोचता येते. एचपीने त्या दोषावर दुरुस्ती उपलब्ध केली. तो मार्ग ई-मेलचा नव्हता, टेलिफोनच्या तारेचा होता. पण बाहेरच्या जगाला ठाऊक असलेला कोणताही पत्ता हा यंत्रात शिरणारा एक दरवाजा असतो, हे त्यातून दिसले. म्हणून प्रिंटरचे फर्मवेअर अद्ययावत ठेवावे.

व्यापाऱ्याला खरा धोका व्हायरसाहून पुष्कळ साधा आहे. तो छापलेल्या कागदातच असतो.

एक उदाहरण सविस्तर पाहू. ते कल्पिलेले आहे, पण त्यातील प्रत्येक पायरी रोजच्या व्यवहारातली आहे. समजा, डोलवीतील एक पेढी कळंबोलीच्या लोखंड बाजारातील एका व्यापाऱ्याकडून माल घेते. पेढीच्या मालकाने प्रिंटरचा अक्षर-अंकांचा आडवातिडवा पत्ता बदलून पेढीच्याच नावाचा, लक्षात राहील असा ठेवला आहे. पुरवठादारांना तो सांगून ठेवला आहे, म्हणजे बिले परस्पर छापून येतील. प्रिंटरच्या ऑनलाइन खात्यात ‘कोणाचे ई-मेल छापावेत’ या प्रश्नापुढे Everyone हा पर्याय निवडलेला आहे. एके सकाळी ट्रेमध्ये दोन कागद पडलेले असतात. पहिला कागद ₹३,८४,००० चे बिल. दुसऱ्यावर पुरवठादाराच्या नावाने चार ओळी: लेखापरीक्षणामुळे जुने खाते तात्पुरते बंद आहे, रक्कम खालील खात्यात भरावी. दिवाणजी दोन्ही कागद फायलीत लावतो, दुपारी आरटीजीएस करतो. दहा दिवसांनी खरा पुरवठादार फोन करतो की पैसे आलेले नाहीत.

हाच मजकूर संगणकाच्या पडद्यावर आला असता तर दिवाणजीला संशय येण्याची काही तरी संधी होती. पाठविणाऱ्याच्या नावाखाली त्याचा खरा पत्ता दिसला असता. जीमेलमध्ये Show original उघडून SPF, DKIM आणि DMARC या तीन तपासण्यांपुढे PASS आहे की FAIL, हेही पाहता आले असते. कागदावर यातले काही उरत नाही. शिवाय ई-मेल परस्पर प्रिंटरला गेल्यामुळे पेढीच्या इनबॉक्समध्ये त्याची प्रतही नसते. आणि आपल्याच दुकानातील आपल्याच यंत्रातून निघालेल्या कागदाबद्दल मनाला एक विश्वास वाटतो, तो पोस्टाने आलेल्या अनोळखी पाकिटाबद्दल कधीच वाटला नसता.

यावर पहिला इलाज म्हणजे Everyone ऐवजी Allowed Senders Only हा पर्याय. मग यादीत लिहिलेल्या पत्त्यांवरून आलेलेच ई-मेल छापले जातात. एप्सनच्या सेवेतही पाठविणाऱ्यांची अशी यादी ठेवता येते. हे आजच करून घ्यावे. आणि माझे मत विचाराल तर या यादीत पुरवठादार असूच नयेत. घरातली व पेढीतली तीन-चार माणसे पुरेत. पुरवठादाराचे बिल आधी पेढीच्या इनबॉक्समध्ये यावे, एखाद्याने ते पडद्यावर पाहावे आणि मग त्यानेच ते प्रिंटरकडे पाठवावे. मधली ही एक पायरी वाचविण्यासाठीच तर सोय घेतली, असे कोणी म्हणेल. पण कागदावर न उतरणाऱ्या खुणा पाहण्याची जागा तेवढीच आहे.

यादी केल्यावर ती खरोखर लागू झाली का, हेही तपासावे. यादीत नसलेल्या एखाद्या पत्त्यावरून, म्हणजे शेजाऱ्याच्या किंवा नव्या खात्यावरून, प्रिंटरला एक ओळीचा ई-मेल पाठवून पाहावा. कागद बाहेर आला तर दार अजून उघडे आहे असे समजावे.

तथापि यादीलाही मर्यादा आहे. ई-मेलवरील ‘प्रेषक’ ही ओळ पाकिटाच्या मागे हाताने लिहिलेल्या नावासारखी असते. पाठविणारा तेथे दुसऱ्याचा पत्ता लिहू शकतो. ही लबाडी ओळखण्यासाठीच वरच्या तीन तपासण्या आहेत. पहिली पाहते की ई-मेल त्या डोमेनने मान्य केलेल्या सर्व्हरवरून निघाला आहे का. दुसरी त्यावरील अदृश्य सही जुळते का ते पाहते. तिसरीत डोमेनचा मालक जाहीर करतो की न जुळणाऱ्या पत्राचे काय करावे. पेढीचे स्वतःचे डोमेन असेल तर घरातील संगणक जाणणाऱ्या मुलाने खालील आज्ञा देऊन पाहावी, example.com च्या जागी आपले डोमेन लिहावे.

```
nslookup -type=txt _dmarc.example.com
```

उत्तरात p=reject असेल तर आपल्या नावाचे खोटे पत्र नाकारा, असे आपण जगाला सांगितले आहे. p=none असेल तर खोटी पत्रे अडवू नका, फक्त नोंद घ्या, असा त्याचा अर्थ. काहीच उत्तर आले नाही तर असे धोरणच जाहीर केलेले नाही. आपल्या यादीत आपल्याच डोमेनचे पत्ते असतील तर ही जाहिरात मजबूत असणे आपल्याच हिताचे आहे. पण एखाद्या नातेवाइकाचा पासवर्डच चोरीला गेला तर पत्र खऱ्या खात्यातून येते आणि तिन्ही तपासण्या उत्तीर्ण होते. यादी पत्ता ओळखते, माणूस ओळखत नाही.

येथे जुन्या हुंडीची आठवण येते. हुंडी लिहिणारा सराफ तिची आगाऊ सूचना ज्याच्यावर हुंडी काढली त्याला वेगळ्या पत्राने धाडीत असे. शाहजोग हुंडीचे पैसे तर प्रतिष्ठित व्यापाऱ्याच्याच हाती द्यायचे असत. हातात आलेला एकच कागद, मग तो कितीही सुबक असो, पुरेसा मानला जात नसे. खाते बदलल्याची सूचना देणाऱ्या कागदाला आज हाच न्याय लावावा. कागदावर छापलेल्या क्रमांकावर फोन करू नये, तो भामट्याचाच असेल. आपल्या जुन्या वहीतील क्रमांकावर करावा. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार १ एप्रिल २०२५ पासून आरटीजीएस व एनईएफटीने पैसे पाठविण्यापूर्वी खातेदाराचे बँकेत नोंदलेले नाव पाहण्याची सोय बँकांनी द्यायची आहे. ते नाव पुरवठादाराच्या फर्मचे नसेल तर तेथेच थांबावे. पैसे गेलेच तर त्याच घटकेस १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. रक्कम पुढच्या खात्यांत फिरण्याआधी ती गोठविण्याची शक्यता तेव्हाच अधिक असते.

आता उलट दिशेचा धोका. बाहेरून खोटा कागद येतो, तसा आपला खरा कागद नको त्या हाती पडतो. मुंबईहून मुलाने रात्री दहाला पगाराचा तक्ता, कोरा रद्द केलेला धनादेश किंवा पॅन कार्डाची प्रत प्रिंटरला पाठविली तर ती सकाळपर्यंत ट्रेमध्ये उघडी पडून राहते आणि दुकान उघडणारा नोकर ती प्रथम वाचतो. ही प्रत कंपनीच्या सर्व्हरवरूनही गेलेली असते. म्हणून असे कागद या मार्गाने पाठवूच नयेत. चलन आणि ई-वे बिल यांसाठी हा मार्ग ठेवावा, कारण ते तसेही ट्रकचालकाच्या हाती जायचे असतात.

प्रिंटरच्या ऑनलाइन खात्यात छापलेल्या कामांची नोंद दिसत असेल तर आठवड्यातून एकदा ती वाचावी. कोणी न मागविलेले काम रात्री-अपरात्री छापलेले दिसले तर यादी तपासावी आणि पत्ता बदलावा. पेढीच्या नावाऐवजी अंदाज न बांधता येणारा आडवातिडवा पत्ताच बरा. दिवाणजी नोकरी सोडून गेला तर गल्ल्याच्या किल्ल्यांबरोबर यादीतील त्याचा पत्ताही त्याच दिवशी काढावा. आणि जुना प्रिंटर भंगारवाल्याला किंवा पेणच्या एखाद्या दुकानदाराला विकताना आधी ऑनलाइन खात्यातून तो काढून टाकावा, मग यंत्राच्या सेटिंगमध्ये वेब सेवा बंद करून त्याला कारखान्यातील मूळ स्थितीत आणावे. तसे केले नाही तर मुंबईच्या मुलाने सवयीने पाठविलेले पुढचे बिल त्या नव्या मालकाच्या टेबलावर छापून निघू शकते.