परदेशी निघताना घरची पॉलिसी मोडू नका

साताऱ्या-सांगलीकडचं मूल शिकायला ऑस्ट्रेलियाला निघालं की घरात हिशेब मांडला जातो: व्हिसासाठी तिथला ‘ओएसएचसी’ विमा सक्तीचाच, मग इथला हप्ता कशाला? हा हिशेब अर्धवट आहे. इथली पॉलिसी बहुधा परदेशात चालत नाही, हे खरं. पण ओएसएचसीही भारतात चालत नाही. दमा असलेली मुलगी सुट्टीत सांगलीला आली आणि दवाखान्यात दाखल करावं लागलं, तर बिल बापालाच भरावं लागेल. शिक्षण संपवून परतल्यावर नवी पॉलिसी घेतली, तर त्याच दम्यासाठी ३६ महिन्यांपर्यंतची प्रतीक्षा नव्यानं सुरू होते. जुनीच चालू ठेवली, तर ती वर्षं मोजली जातात. वार्षिक हप्त्याची तारीख चुकलीच, तर सवलत ३० दिवसांची.