‘पॉवर फॅक्टर म्हणजे काय?’ विचारणारा कोण, हे कळत नाही तेव्हा

काही महिन्यांपूर्वी फोनवर एका ओळीचा संदेश आला. ‘सर, पॉवर फॅक्टर म्हणजे काय, जरा समजावून सांगाल का?’ नंबर अनोळखी. विचारणारा डिप्लोमाचा विद्यार्थी असेल, वीजबिल हातात घेऊन बसलेला कारखानदार असेल, नाहीतर आमच्याच क्षेत्रातला कोणी शब्द तपासून पाहत असेल.

अशा वेळी आपण समोरचा नवखा आहे असे धरून चालतो. मीही धरले आणि उसाच्या रसाचा ग्लास पुढे केला. रस म्हणजे कामाची वीज, वरचा फेस म्हणजे निव्वळ ये-जा करणारी वीज आणि भरलेला ग्लास म्हणजे वीज कंपनीला पुरवावी लागणारी एकूण क्षमता. फेस जितका कमी, तितका पॉवर फॅक्टर १ च्या जवळ. उत्तर आले, ‘समजले, धन्यवाद.’

पंधरा दिवसांनी त्याच नंबरवरून दुसरा संदेश. गृहस्थांचे लेथ मशीनचे छोटे वर्कशॉप होते. भार २० किलोवॅट, पण क्षमता लागत होती २५ केव्हीए. म्हणजे पॉवर फॅक्टर ०.८. माझ्या ग्लासाच्या हिशेबाने त्यांनी २५ मधून २० वजा केले, ‘फेस’ ५ काढला आणि ५ केव्हीएआरचा कपॅसिटर बसवून घेतला. पॉवर फॅक्टर १ व्हायला हवा होता, झाला जेमतेम ०.८९. ‘कपॅसिटर खराब निघाला का?’

कपॅसिटर चांगला होता, दाखला चुकीचा होता. मोटारीला फिरण्यासाठी चुंबकीय क्षेत्र लागते. त्यासाठीची ऊर्जा मोटारीत जाते आणि परत येते, सेकंदाला शंभर वेळा. ती खर्च होत नाही, पण तिच्यासाठी तारांतून जादा करंट वाहतो. ही ये-जा आणि प्रत्यक्ष काम यांची लय जुळत नाही, म्हणून त्यांची सरळ बेरीज होत नाही. ती काटकोन त्रिकोणासारखी होते. एक बाजू २०, कर्ण २५, तर तिसरी बाजू ५ नव्हे, १५. त्यातून कपॅसिटरने ५ भागवले, १० उरले. २० आणि १० या बाजूंचा कर्ण सुमारे २२.४. वीस भागिले २२.४ म्हणजे ०.८९. मीटर बरोबरच सांगत होता. ०.९५ गाठायला त्यांना साधारण साडेआठ केव्हीएआर लागले असते.

आता कोणी म्हणेल, आधीच विचारायचे होते, ‘तुमचे शिक्षण किती, काम काय?’ मला ते पटत नाही. अनोळखी माणसाला हा प्रश्न इंटरव्ह्यूसारखा वाटतो आणि अनेकदा संवाद तिथेच तुटतो. शिवाय हे गृहस्थ ‘दहावी पास’ एवढेच सांगते, तर मी पुन्हा ग्लासच दिला असता. काटकोन त्रिकोण तर शाळेतच शिकवतात. तो २०, १५, २५ या आकड्यांनिशी मांडला असता, तर नवख्याला पेलला असता आणि इंजिनिअरलाही खोडावा लागला नसता. माझ्या मते अशा उत्तराची कसोटी एवढीच : सोपे करताना त्यावरून केलेला हिशेब चुकता कामा नये. फेसाची उपमा नेमकी तिथे फसते.

मग शेवटी एकच प्रश्न जोडावा, ‘हा शब्द तुम्हाला कुठे दिसला?’ त्यातून पुढचा रस्ता कळतो. ‘वीज वाचवणाऱ्या यंत्राच्या जाहिरातीत’ असे उत्तर आले, तर त्रिकोण बाजूला ठेवून सांगावे की पैसे घालू नका. प्लगमध्ये लावायच्या अशा डब्यांत बहुधा छोटा कपॅसिटर असतो. घरगुती बिल युनिटवर, म्हणजे किलोवॅट-तासावर येते. कपॅसिटरने ये-जा कमी झाली, तरी पंख्याला आणि फ्रिजला लागणारे युनिट तेवढेच राहतात.

‘व्हीएफडी बसवल्यावर मीटरवर’ असे उत्तर आले, तर माणूस जाणकार आहे आणि त्याची अडचण वेगळी आहे. ड्राइव्हमुळे करंटची लाट वेडीवाकडी होते. पॉवर फॅक्टर त्यानेही घसरतो, पण तिथे माझा त्रिकोण अपुरा पडतो आणि साधा कपॅसिटर उपयोगी पडत नाही. उलट तो तापतो, फुगतो, फ्यूज उडवत राहतो. तिथे आधी हार्मोनिक्स मोजावे लागतात.

वर्कशॉपवाल्या गृहस्थांना मी त्रिकोण कागदावर काढून फोटो पाठवला. त्यांनी परत विचारले, ‘म्हणजे अजून साडेतीनचा लावू?’ या वेळी हिशेब त्यांचा होता आणि बरोबर होता. फक्त एक जोडले : मोटारी बंद झाल्या की कपॅसिटरही बंद होईल अशी जोडणी इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या.